गालावरचा चावा

१२ डिसेंबर
ओपीडी सुरू व्हायच्या आधीच दर्यापूरकडच्या एका खेड्यातून मायलेक आले, बापही सोबत. सात वर्षांचा पोरगा. आई कापूस वेचत होती, हा धुऱ्यावर खेळत होता. डाव्या गालावर कुत्र्याचे दोन खोल दात, कोपरावर फाटलेली कातडी. जखमेत लाल तिखट भरलेलं.
"ईख उतरते म्हंतात जी तिखटानं," आई म्हणाली.
तिखट काढायलाच वेळ गेला. मग नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुणं. पोरगा किंचाळत होता, बाप म्हणत होता, "सायेब, पुरे करा ना." पुरे करून चालत नाही. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबण ते फोडतो. शिवाय धुण्यानं जखमेतले विषाणू संख्येनंच कमी होतात, आणि पुढचं सगळं त्या संख्येवर अवलंबून असतं.
गाल उघडा ठेवल्यावर बाप नाराज. "टाके नाई मारत का?" आज नाही. सुईनं लाळ खोल ढकलली जाते आणि नसांची आणखी टोकं उघडी पडतात. मारायचेच झाले तर सीरम भरल्यावर काही तासांनी, सैलसर.
वजन १८ किलो. घोड्याचं सीरम किलोला ४० युनिट, म्हणजे ७२० युनिट. आमच्याकडच्या बाटलीत एका मिलिलिटरला ३००, तेव्हा २.४ मिलिलिटर. गालाच्या जखमेत सगळीकडून बारीक सुईनं भरलं, उरलेलं कोपराला. हे दंडात टोचून भागत नाही. जिथे लाळ पडली तिथेच ते पोचायला हवं. ॲड्रेनॅलिनची सिरिंज शेजारी ठेवून अर्धा तास पोराजवळ बसलो. लस दोन्ही दंडांवर कातडीत, ०.१ मिलिलिटरची एकेक. कार्डावर तारखा लिहिल्या: आज, १५, १९ आणि ९ जानेवारी.

रात्री
पायाला चावलं असतं तर इतका धास्तावलो नसतो. जखमेत पडलेला विषाणू काही काळ तिथल्या स्नायूत रेंगाळतो. नस जिथे स्नायूला भिडते तिथे तिच्या टोकाला चिकटतो आणि आत शिरतो. नसेच्या आत पेशी आपला माल टोकापासून मुळाकडे वाहून नेत असते, त्याच वाहतुकीवर हा फुकट बसतो. प्रयोगशाळेत मोजलेला वेग दिवसाला साधारण ५ ते १० सेंटिमीटर. तळपायापासून कण्यापर्यंतचं अंतर मोठं, म्हणून आठवडे, कधी महिने हाताशी असतात. गालाची नस मात्र कण्यात न थांबता सरळ मेंदूच्या देठात उतरते. लहान मुलाच्या चेहऱ्यावर हे अंतर वितीएवढंही नाही, आणि नसांची टोकं दाट.
या सगळ्या काळात रोगी ठणठणीत असतो. विषाणू थोडा, तोही नसेत दडलेला, त्यामुळे शरीराला जाग येत नाही. लस ती जाग आणते, पण तिला एक-दोन आठवडे लागतात. तोवर सीरम म्हणजे आपलं पीक हाती येईपर्यंत उसनं आणलेलं धान्य. ते विषाणूला नसेबाहेर असतानाच बांधतं. आत शिरलेल्याला ते गाठू शकत नाही.

१५ डिसेंबर
दुसरी खेप. गालाची सूज कमी. आजी सोबत आली होती, तिच्या डोक्यात अजून पोटातल्या चौदा सुया. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस देशात कधीचीच बंद झाली, पण खेड्यात तिची धास्ती लशीपेक्षा जास्त टिकली आहे.
"कुत्रं तं जित्तं आहे अजून. मंग सुई कायले?"
दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायचा नियम खरा आहे. ते दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावलं त्या दिवशी लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं, आणि मग उरलेल्या सुया थांबवताही येतात. पण ते दहा दिवस वाट पाहण्यासाठी नाहीत. सुया सुरू ठेवून पाहायचं असतं.

१९ डिसेंबर
तिसरी खेप झाली. कुत्रं परवा गोठ्यामागे मेलेलं सापडलं. आजीनं आज काही विचारलं नाही.

२१ डिसेंबर
अकोल्याला पशुवैद्य मित्राकडे. बार्शीटाकळीकडच्या एका बैलाची गोष्ट सांगत होता: बैल घोगरा हंबरतो, लाळ गाळतो, गिळत नाही. मालकाला वाटलं घशात कडब्याचं धाट अडकलं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला, दातांनी ओरखडे आले, मग भावानं हात घातला. गिळणंच लुळं पडलं होतं, अडकलं काहीच नव्हतं. दोघांना सीरमसकट लस लावायला पाठवलं. कुत्रा चावला तर माणूस निदान घाबरतो. आपल्या बैलाला कोण घाबरतो?

२८ डिसेंबर
जे येऊ नये ते आलं. चाळिशीचा शेतमजूर, पोळ्याच्या सुमारास घरच्या पिल्लानं घोट्याला दात लावला होता. पिल्लू आठवड्यात मेलं. "लहानसं तं होतं," बायको म्हणाली. जखम कधीच भरली होती. चार दिवसांपासून त्याच घोट्याला मुंग्या, खाज. काल चहाचा कप ओठाशी नेला आणि गळा आवळला. पंख्याचा वारा लागला तरी दचकत होता.
मुंग्या जखमेतून येत नाहीत. विषाणू कण्याजवळच्या नसगाठीत पोचल्यावर येतात, म्हणजे पहिली तक्रार कळते तेव्हा वाट बहुतेक चालून झालेली असते. पुढे तो मेंदूत वाढतो आणि नसांवाटेच बाहेर, लाळग्रंथींपर्यंत उतरतो. आता लस देऊन उपयोग नाही. ती जागी करेल ती फौज मेंदूत वेळेत पोचत नाही. झोपेचं औषध, अंधारी शांत खोली, घरच्यांना खरं सांगणं. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तेही एवढ्यासाठीच.
जाता जाता बायकोला विचारलं, पिल्लानं आणखी कोणाला? नऊ वर्षांच्या मुलीला. हातावर ओरखडा, रक्त आलेलं, तेव्हाच पोळ्याला. मुलगी दारातच उभी होती. हातात मुंग्या नाहीत, ताप नाही. नर्स म्हणाली, "आता एवढ्या महिन्यांनी?" होय, आता. लक्षण नसेल तर चावा कालचाच धरायचा, उशिराला मर्यादा नाही. वण दिसत होता. तो साबणानं धुतला, त्याच्याभोवती सीरम भरलं, दोन्ही दंडांवर लस.

३१ डिसेंबर
मुलीची दुसरी खेप. मामा घेऊन आला. तिचे वडील काल रात्री गेले.

९ जानेवारी
पोराची शेवटची सुई. गालावर दोन गुलाबी खुणा. बाप म्हणाला, "आता कुत्रं चावलं तरी काई होत नाई ना?" होतं. पुन्हा चावलं तर जखम तशीच धुवायची, लशीच्या दोनच खेपा, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. सीरम लागत नाही. पण हे कार्ड दाखवलं तरच, नाहीतर पहिल्यापासून. त्यानं कार्डाची घडी केली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत टाकलं.
मुलीची शेवटची तारीख २५ जानेवारी. मामाचा फोन नंबर नर्सकडे लिहून ठेवला आहे.