बेचा पाढा आणि शीतलं रक्त

मुलांच्या पोटाचे आजार शिकताना आम्हा डॉक्टरांकडून मेकेलच्या पिशवीचा बेचा पाढा पाठ करून घेतला जातो. शंभरातल्या दोघांत आढळते, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं त्या झडपेपासून दोन फूट अलीकडे असते, दोन इंच लांब असते, मुलींच्या दुप्पट मुलग्यांत त्रास देते, दोन वर्षांच्या आत त्रास देते आणि तिच्यात दोन प्रकारचं परकं अस्तर सापडतं: जठराचं किंवा स्वादुपिंडाचं. परीक्षेत हा पाढा हमखास गुण देतो. पण शीतून रक्त जाणारं मूल समोर असताना मला तो फारसा उपयोगी वाटत नाही. कधी कधी तो दिशाभूलच करतो. आजार ओळखायचा तर आकडे बाजूला ठेवून एकच गोष्ट लक्षात ठेवावी: ही पिशवी आम्ल तयार करते. बाकीचं बरंचसं त्यातूनच उलगडत जातं.

गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत आतड्याची मधली नळी बलकाच्या पिशवीला एका देठाने जोडलेली असते. वार काम करू लागली की या देठाची गरज संपते आणि साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात तो मिटून जातो. काही जणांत त्याचं आतड्याकडचं टोक तसंच राहतं. रक्तवाहिन्या जिथून आतड्यात शिरतात त्याच्या विरुद्ध बाजूला, बोटासारखी एक पिशवी उरते. तिला आतड्याचे सगळे थर असतात. जर्मनीतल्या हाले इथले शरीररचनातज्ज्ञ योहान फ्रिडरिश मेकेल यांनी 1809 साली तिचं हे गर्भातलं मूळ उलगडलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आता पाढ्यातले ‘दोन फूट’ पाहा. हे माप मोठ्या माणसाचं आहे. दोन वर्षांखालच्या मुलाचं आतडंच मुळात आखूड, त्यामुळे त्याच्यात ही पिशवी झडपेपासून फुटाच्या आसपास सापडते. म्हणजे पाढ्यातलं ‘दोन वर्षं’ आणि ‘दोन फूट’ एकाच मुलाला लागू पडत नाहीत. ‘शंभरात दोन’चंही तसंच. पिशवी असणाऱ्यांपैकी आयुष्यभरात जेमतेम चार टक्क्यांना त्रास होतो असा एक प्रचलित अंदाज आहे. तो धरला तर दहा हजार लोकांत दोनशे पिशव्या आणि त्रास फक्त आठ जणांना. तेव्हा पिशवी असणं हा आजार नव्हे. ती कशामुळे बोलू लागते, हा खरा प्रश्न आहे.

लहान मुलांत बहुधा ती आम्लामुळे बोलते. रक्तस्राव होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पिशवीत जठराचं अस्तर असतं. जठराला स्वतःचं आम्ल सोसतं, कारण त्याच्या भिंतीला तसं संरक्षण असतं. शेजारच्या लहान आतड्याला ते नसतं. म्हणून व्रण सहसा जठराच्या अस्तरावर पडत नाही, त्याला लागून असलेल्या आतड्यावर पडतो आणि तिथली रक्तवाहिनी उघडी होते. आतड्याची वाट कुठे अडलेली नसते, पिळवटून ताणणारं काही नसतं, त्यामुळे मूल रडत नाही. खेळता खेळता डायपर रक्ताने भरतो. हे रक्त विटकरी किंवा जांभळट लाल असतं. स्राव जोराचा असेल तर ते लालभडकही दिसतं. आमांशात शी वारंवार होते, थोडी होते, शेंब असते, मूल कुंथतं आणि बरेचदा ताप असतो. आतड्यात आतडं शिरलं असेल तर मूल थांबून थांबून कळवळतं. पॉलिपचं रक्त सहसा शीवर रेघेसारखं असतं. पोट मऊ, ताप नाही, कुंथणं नाही, आणि रक्त मात्र भरपूर, हे एकत्र दिसलं की ‘उष्णता पडली’ किंवा ‘जंत झाले असतील’ असं म्हणून घरी बसणं धोक्याचं असतं.

भरपूर म्हणजे किती, हे दीड वर्षाच्या, 11 किलोच्या मुलावर मोजून पाहू. किलोमागे 80 मिलिलिटर धरलं तर त्याच्या अंगात साधारण 880 मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर गेलं तर जवळपास चौथाई गेलं. तरीही पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन जवळपास नेहमीसारखंच येऊ शकतं, कारण उरलेलं रक्त पातळ व्हायला काही तास लागतात. रक्तदाबही शेवटपर्यंत टिकून राहतो. आधी वाढते ती नाडी, हातपाय गार पडतात, मूल मलूल होतं. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. नाडी पाहावी, हिमोग्लोबिन काही तासांनी पुन्हा करावं, सलाइन सुरू करून रक्ताची सोय आधीच करून ठेवावी. आणखी एक गोष्ट आईवडिलांना फसवते. हा रक्तस्राव बरेचदा आपोआप थांबतो, कारण रक्त कमी झालं की आतड्याच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. औषध लागू पडलं असं वाटतं, पण व्रण तिथेच असतो.

पिशवी शोधण्याची तपासणीही याच तत्त्वावर चालते. टेक्नेशियम परटेक्नेटेट शिरेतून दिलं की जठराचं अस्तर ते शोषून घेतं. पोटाच्या उजव्या खालच्या भागात, जठराबरोबरच, दुसरा ठिपका उजळला तर पिशवी सापडली. आधी फॅमोटिडिनसारखं आम्ल कमी करणारं औषध दिलं तर हा पदार्थ अस्तरातून लवकर बाहेर पडत नाही आणि ठिपका स्पष्ट दिसतो. अडचण येते ती स्कॅन कोरा आला की. लक्षणं ठळक असलेली 100 मुलं घ्या आणि त्यांपैकी 70 जणांना खरोखर पिशवी आहे असं समजा. मुलांमध्ये हा स्कॅन साधारण 85 टक्के पिशव्या पकडतो. म्हणजे साठेक सापडतील, दहा निसटतील. पिशवी नसलेल्या तिसांपैकी बहुतेकांचा स्कॅन कोराच येईल. आता कोरे स्कॅन झाले 38-39, आणि त्यांत पिशवी असलेली मुलं दहाएक, म्हणजे दर चारांत एक. एवढ्या शंकेवर मुलाला घरी पाठवणं मला पटत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: पुरावा नसताना इतक्या लहान मुलाचं पोट उघडायचं का? हिमोग्लोबिन न घसरलेल्या, थोडंसंच रक्त गेलेल्या मुलाच्या बाबतीत मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. तिथे थांबावं, गुदमार्गातला पॉलिप शोधावा. पण ज्याला रक्त चढवावं लागलं, त्याचा स्कॅन औषध देऊन पुन्हा करावा, आणि तोही कोरा आला तरी बेंबीतून दुर्बीण घालून आतडं पाहावं. आता पोट मोठं उघडावं लागत नाही. झडपेपासून मागे मागे आतडं तपासत गेलं की पिशवी दिसते, आणि बेंबीच्याच छेदातून ती बाहेर ओढून काढता येते. दुसरा आक्षेप असा की मग सगळ्याच पिशव्या काढाव्यात. त्याला वर मांडलेला हिशेब आड येतो. त्रास न देणारी पिशवी दुसऱ्याच शस्त्रक्रियेत सापडली तर काय करायचं, यावर शल्यविशारदांत अजून एकमत नाही. रक्तस्राव करणाऱ्या पिशवीबद्दल मात्र वाद नाही. तिथे नजर ठेवायची ती पिशवीच्या बुडावर, कारण व्रण बरेचदा त्याच्या कडेला, आतड्याच्या भिंतीत असतो. नुसती पिशवी कापली आणि व्रण किंवा जठराच्या अस्तराचा तुकडा मागे राहिला, तर पुन्हा रक्त जाऊ शकतं. म्हणून बूड रुंद असेल किंवा हाताला कडक लागत असेल तर आतड्याचा तेवढा तुकडाच काढून दोन्ही टोकं जोडतात.