नुसता फोटो

परवा रात्री साडेनऊला फोनवर एक फोटो आला. खाली एक अक्षर नाही. हिरवट पाटी, तिच्यावर एक काळा डाग, कडेला कोणाचा तरी अंगठा. पूर्वी असा फोटो आला की मला चेव यायचा. दोन बोटांनी मोठा करायचा, डाग कुठल्या भागाजवळ आहे ते ओळखायचं आणि अर्ध्या मिनिटात उत्तर ठोकायचं. माझ्याकडे शिकलेल्या पोरांत त्यामुळे माझी ख्याती होती, ‘सर फोटोवरूनच सांगतात.’ ही ख्याती मला फार आवडायची. चष्म्याचा नंबर वाढला, टेबलावरच्या बोर्डावरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा तर फोटो म्हणजे वरदानच वाटलं. हवा तेवढा मोठा करता येतो.

ती ख्याती एका एमओव्हीने उतरवली.

तालुक्याच्या गावी दुकान टाकलेल्या माझ्या एका पोराने मे महिन्यात असाच मुका फोटो पाठवला होता. बत्तीस इंची टीव्हीचा पॉवर सप्लाय. फ्यूजची काच आतून काळी, शेजारची निळी चकती फुटून तिची एक फाक उडालेली. उरलेल्या फाकेवर ‘471’ वाचता आलं, त्याचाही मला अभिमान. मी लिहिलं, ‘एमओव्ही आणि फ्यूज बदल, चालेल.’

आणि चालला की. पोराने सिरीज बल्ब लावून तपासलं, मग थेट लाइनवर दुपारभर चालवलं, संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन लावला. सात वाजता मोठा आवाज झाला, मागच्या जाळीतून पांढरा धूर आला आणि घरातल्या आजीबाईंनी पोराचा जो उद्धार केला तो त्याने मला फोनवर शब्दशः ऐकवला. मेन कॅपॅसिटर फाटला होता.

निदान चूक नव्हतं, ही खरी बोच. एमओव्ही गेलाच होता, फ्यूजही गेलाच होता. मी बोर्ड वाचला होता, पण बोर्ड ज्या भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला होता ती भिंत फोटोत नव्हती. एमओव्ही म्हातारा होऊन मरतो, पण असा फाक उडवून मरतो तेव्हा बाहेरून काहीतरी आलेलं असतं. मी एकच विचारायला हवं होतं, ‘त्या दिवशी घरात आणखी काय गेलं?’

फुटल्यानंतर विचारलं. पंख्याचा रेग्युलेटर आणि एक चार्जर गेला होता. दोन दिवस संध्याकाळी दिवे भगभगत होते आणि पंखा उडून जाईल असा फिरत होता. शेजारच्या घरात मात्र दिवे मंदावलेले. एवढं ऐकल्यावर डीपीकडून येणारा न्यूट्रल ढिला झालाय हे सांगायला फोटोची गरज नव्हती. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एका माळेत येतात आणि 415 व्होल्ट आपसात वाटून घेतात. ज्या घरात वापर कमी त्याच्या वाट्याला जास्त. दुपारी दोन्हीकडे सारखाच वापर असला तर मीटर दोनशेच्या जरा वर दाखवतो. संध्याकाळी शेजारी मोटर आणि गिझर चालू झाले की बिघडतं. पोराने त्या रात्री सॉकेटमध्ये मीटर घातला तर साडेतीनशेच्या वर आकडा.

आता दुसरी गोष्ट, जी मी विचारली नाही आणि जिची मला अधिक लाज वाटते. ‘एमओव्ही बदल’ म्हणालो, पण ‘तुझ्याकडे कुठला आहे?’ हे विचारलं नाही. मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत वाढलेला माणूस. हवा तो भाग दहा मिनिटांत मिळतो अशी माझी समजूत. त्याच्या डब्यात 471 नव्हताच, 561 होता. दिसायला तशीच निळी चकती. 471 म्हणजे 470 व्होल्टच्या सुमाराला वाहू लागणारा, 561 म्हणजे 560च्या. साडेतीनशे व्होल्टची एसी लाइन ब्रिजमधून गेली की कॅपॅसिटरवर साधारण पाचशे व्होल्ट उभे राहतात. मूळचा एमओव्ही असता तर त्याने आधीच वाहू लागून फ्यूज उडवला असता, पाच-दहा रुपयांत सुटलो असतो. नव्याने जागचं हलायचं नाकारलं आणि 450 व्होल्टच्या कॅपॅसिटरने ते पाचशे झेलले.

सारखा सारखा उडतो म्हणून एमओव्ही काढूनच टाकणारे महाभाग आमच्या धंद्यात कमी नाहीत. ‘आता बघा, परत येणार नाही’ असं वर सांगतात. सेट परत येतो तेव्हा अख्खा बोर्ड जाळून घेऊन येतो, आणि मग ते युनिव्हर्सल बोर्ड बसवून देतात, म्हणजे दोन्ही वेळचे पैसे. जुन्या डब्बा टीव्हीत पाठीच्या झाकणाआड घडी घातलेला सर्किटचा कागद मिळायचा. तो कागद गेला आणि हे युनिव्हर्सल बोर्ड आले. असो, मीही काही संत नाही, बत्तीस इंची पॅनेलच्या नादात मीही दोन-चार बोर्ड सरळ बदललेत.

हल्ली मात्र फोटोला मी पहिलं उत्तर देतो ते एकच, ‘प्लग काढून किती वेळ झाला?’ पोरांना हा म्हाताऱ्याचा चाळा वाटतो. चालू सेटचा प्लग काढला तर सेट स्वतःच मेन कॅपॅसिटर पिऊन टाकतो. मेलेला सेट पीत नाही. सप्लाय सुरूच होत नसेल तर 325 व्होल्ट तसेच कॅपॅसिटरमध्ये बसून राहतात, म्हणजे बंद पडलेला टीव्ही चालू टीव्हीपेक्षा घातक. त्यातून स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करणारे आहेतच. साध्या शंभर वॉटच्या बल्बच्या दोन तारा त्याच्या पायांवर धराव्यात, मग मीटरने शून्य बघावं. परवाच्या फोटोतला अंगठा कॅपॅसिटरच्या पायांपासून पेराएवढा लांब होता, म्हणून हे आठवलं.

आता परवाचा फोटो. विचारलं, ‘प्लग?’ उत्तर, ‘काढलाय, सकाळीच.’ ‘मीटरने बघितलं?’ बराच वेळ निळ्या खुणा, मग ‘आता बघतो.’ मग ‘180 आहे सर.’ पुढचा अर्धा तास बल्ब शोधण्यात गेला, कारण घरात सगळे एलईडी. मग घरात आणखी काय गेलं, आधी कोणी उघडलाय का, डब्यात काय आहे. डाग म्हणजे जळकं नव्हतंच, तो कॅपॅसिटर जागेवर धरायला लावलेला डिंक होता, उष्णतेने काळा पडलेला. फोटोत मीही जळकंच धरलं होतं.

हे मला कसं ठाऊक? कारण खोड गेलेली नाही. फोटो आला की मी आधी दोन बोटांनी मोठा करतोच, आणि माझा अंदाज बिलाच्या पाठीवर लिहून गल्ल्यात टाकतो. मग प्रश्न विचारायला लागतो. महिन्याच्या शेवटी दुकान बंद केल्यावर चिठ्ठ्या काढून जुळवतो. गेल्या महिन्यात अकरातले सात बरोबर निघाले. पोरांना सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, ‘आणि चार?’