दोघांचा चमू, तीन यंत्रे

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला, की आडत्याच्या पेढीवर वजन, भाव, हमाली आणि तोलाई यांचा हिशेब होऊन शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडेपर्यंतच्या अवधीत आमच्या चार लहान सेवा अखंड चालाव्या लागतात. त्यांना यंत्रे तीन, आणि सांभाळणारे आम्ही दोघेच. अशा कारभारात कुबरनेटिस घ्यावे की नोमॅड, याचा निवाडा मी वर्षभराच्या देखभालीवरून करतो.

स्वतःच्या यंत्रांवर kubeadm ने उभारलेल्या कुबरनेटिसमध्ये नोंदी राखणारे etcd, हुकूम स्वीकारणारा एपीआय सर्व्हर, कामांची वाटणी करणारा शेड्युलर अशी स्वतंत्र खाती असतात. ती परस्परांची ओळख प्रमाणपत्रांवरून पटवतात, आणि त्या प्रमाणपत्रांची मुदत सामान्यतः एका वर्षाची असते. नवी आवृत्ती चढवली की त्यांचे नूतनीकरण आपोआप होते. परंतु वर्षाला सुमारे तीन आवृत्त्या निघत असल्या, तरी दोघांच्या चमूत ते काम हंगाम संपेपर्यंत लांबणीवर पडते. मुदत सरली तरी चालू सेवा चालूच राहतात, पट्ट्या छापल्या जातात, आणि म्हणूनच कोणाच्या काही ध्यानात येत नाही. मग एखादे यंत्र बंद पडते, त्यावरील सेवा दुसऱ्या यंत्रावर हलत नाही, आणि kubectl चालवून पाहावे तो पडद्यावर `x509: certificate has expired or is not yet valid` एवढेच उत्तर मिळते. यावरची तजवीज अवघड नाही:

```
kubeadm certs check-expiration
kubeadm certs renew all
```

दुसऱ्या आज्ञेनंतर ती खाती पुन्हा सुरू करावी लागतात, एवढे मात्र विसरता कामा नये.

नोमॅडमध्ये सर्व्हर आणि क्लायंट या दोन्ही भूमिका एकच प्रोग्रॅम बजावतो. तीन सर्व्हरपैकी दोघांचे मत जुळले की निर्णय होतो, त्यामुळे एक गेला तरी कारभार चालतो. मात्र काटकसर म्हणून दोनच सर्व्हर ठेवले, तर त्यांतला कोणताही एक जाताच निर्णय होणे थांबते. टीएलएस लावले, तर तेथेही प्रमाणपत्रांच्या तारखा सांभाळाव्या लागतातच, परंतु बिघाड शोधायच्या जागा थोड्या. उलट, बाहेरून येणाऱ्या विनंत्या वाटण्यासाठी ट्रॅफिकसारखे साधन आपणच जोडावे लागते, कुबरनेटिसभोवतीचा तयार साहित्याचा मोठा साठा येथे नाही, आणि 2023 मध्ये नोमॅडचा परवाना बदलला असल्याने तोही एकदा वाचून घेणे इष्ट.

तेव्हा कुबरनेटिसची मुख्य खाती एखादी क्लाउड कंपनी सांभाळणार असेल, तर ते खुशाल घ्यावे. यंत्रे आपल्याच खोलीत असतील, तर नोमॅड. आणि एकाच यंत्रावर भागत असेल, तर systemd किंवा डॉकर कम्पोज पुरे. कायम करण्यापूर्वी, लिलाव नसलेल्या दिवशी, दोघांपैकी कमी जाणकाराने एक यंत्र मुद्दाम बंद करून सेवा हलते का पाहावे. न हलल्यास कारण त्याला एकट्याने शोधता येईल, तेच साधन ठेवावे.