सरमिसळ म्हणजे नुसतं पत्ते पिसणं नव्हे!

बारावी-दहावीच्या परीक्षा आल्या की आपल्या बीड जिल्ह्यात भरारी पथकाची चर्चा रंगते. पण कॉपीचा अर्धा निकाल बैठक व्यवस्थेच्या कागदावर आदल्या दिवशीच लागलेला असतो. बैठक व्यवस्था लावणारा मास्तर म्हणून सांगतो, मंडळी.

एका शाळेचे नंबर सलग असले आणि पोरं त्याच क्रमाने बसवली, तर रोजचे मित्रच पुढं-मागं येतात. म्हणून सरमिसळ करायची. पण नुसत्या चिठ्ठ्या टाकून भागत नाही. चिठ्ठीतही दोन मित्र शेजारी येऊ शकतातच की!

एक उदाहरण घेऊ. केंद्रावर 100 पोरं आहेत. अ शाळेची 60, ब ची 25, क ची 15. वर्ग 4 आणि प्रत्येकात 25 बाकं, म्हणजे 5 रांगा, रांगेत 5. आता बाकांवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे घर मनात धरा. काळी 13, पांढरी 12. काळ्याच्या पुढं, मागं, डावी-उजवीकडं कायम पांढरंच. अ ची पोरं फक्त काळ्यावर बसवली की त्यांची आपसात गाठ पडत नाही. उरलेल्या दोन शाळा पांढऱ्यावर.

पण हिशोब करा. एका वर्गात अ ची जास्तीत जास्त 13, चार वर्गांत 52. पोरं 60. म्हणजे 8 जण कुठंतरी आपल्याच शाळेच्या पोराला लागून बसणारच. इथं कितीही पिसा, कॉम्प्युटर लावा, जागाच नाही! उपाय एकच, पाचवा वर्ग उघडा. मग प्रत्येक वर्गात अ ची 12 आणि इतर 8 बसतात, 5 बाकं रिकामी राहतात. पर्यवेक्षक एक वाढतो, तेवढाच खर्च. चिठ्ठ्या काढायच्या त्या यानंतर, कोण कोणत्या वर्गात आणि कोणत्या बाकावर हे ठरवायला.

तरी तिरकस बाक उरतंच, कारण काळ्याच्या कोपऱ्याला काळंच असतं. तेही टाळायचं तर एका वर्गात एका शाळेची 9 च पोरं बसतात. मग 60 पोरांना 7 वर्ग लागतील. एवढे वर्ग आणायचे कुठून?

सगळ्यात जास्त घोळ मात्र पेपरच्या दिवशी होतो. चार पोरं गैरहजर असतात, कुणीतरी म्हणतं "पुढं सरका रे", आणि सगळी सोंगटी मोडते. म्हणून गैरहजर पोराचं बाक रिकामंच ठेवायचं.

पालकांनो, केंद्र पाहायला जाल तेव्हा तुमच्या पोराला शाळेचे किती जण लागून बसलेत ते विचारा. आणि खिडकीतून चिठ्ठी फेकणारे आपणच असू, तर हा सगळा पट वाया गेला, हेही लक्षात ठेवा.