आईची वही

माझा धाकटा भाऊ पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळमनुरीच्या घरी परतला, तो पुन्हा कॉलेजला गेलाच नाही. आरंभी त्यात आजारासारखे काही दिसत नव्हते. तो रात्र रात्र जागे, आंघोळ टाळी, मित्रांचे फोन घेत नसे. महिन्याभराने त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवला. शेजारी त्यातून आपले विचार ऐकतात, असे तो सांगू लागला आणि खोलीत कोणी नसताना कोणाला तरी उत्तरे देऊ लागला.

नातेवाइकांना हे ‘बाहेरचे’ वाटले. आईने मात्र तो किती झोपला, काय खाल्ले, काय बोलला, हे वहीत टिपायला सुरुवात केली. पाचव्या आठवड्यात आम्ही त्याला नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी प्रथम ती वहीच वाचली. गांजा, डोक्याला मार, फिट यांविषयी विचारले, रक्त तपासले. कारण अशी लक्षणे अन्य कारणांनीही उद्भवतात. हा सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा, पहिला प्रसंग होता. आजाराचे नाव ठरवण्याची घाई डॉक्टरांनी केली नाही, उपचाराची केली. लक्षणे जितका काळ विनाउपचार राहतात, तितकी सुधारणा मंदावते. शिक्षण आणि मित्रही त्याच काळात सुटतात. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात, मुले घर किंवा वसतिगृह सोडून शहरात जातात त्याच वयात प्रकटतो, म्हणून ते आठवडे मोलाचे.

पहिल्या वेळी बहुधा औषधाची लहान मात्रा पुरते. भावाची झोप दोन आठवड्यांत सुधारली. संशय ओसरायला दीड-दोन महिने लागले. मध्यंतरी हातपाय ताठरले, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा बदलली.

घरात बोलायचे कसे, हेही आम्हांला शिकावे लागले. “कोणी ऐकत नाही,” म्हणून वाद घातला की तो दार लावून घेई. “हो, ऐकतात,” म्हणणे तर संशयाला खतपाणी. डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे आई म्हणे, “तुला भीती वाटते आहे ना? मी इथेच बसते.” हा आजार घरच्यांमुळे होत नाही, पण सततच्या टोमण्यांनी आणि अतिकाळजीने तो उलटण्याचा संभव वाढतो.

आठव्या महिन्यात बरे वाटते म्हणून त्याने कोणाला न सांगता गोळ्या थांबवल्या. झोप सात तासांवरून चारवर आल्याचे सलग तीन रात्री वहीत उमटले आणि चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा नांदेडला होतो. आवाज परतण्यापूर्वीच औषध पुन्हा सुरू झाले. लक्षणे गेल्यावरही गोळ्या निदान वर्ष-दोन वर्षे चालतात, आणि त्या थांबवायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू.

कुटुंबांनी एकमेकांना साथ देण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. कॅनडात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. कोठे जावे हे सुचत नसेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून बोलता येते. रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला, तर मात्र त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वही अजून चालू आहे. झोपेचे तास आता भाऊ स्वतःच लिहितो.