अर्धंच पाहणारं रान

भालकी तालुक्यात खरिपाची तूर कुठे आणि सोयाबीन कुठे, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायचं काम रँडम फॉरेस्टला दिलं, की ते आधी हातातली बरीचशी माहिती झाकून ठेवतं. त्याचा स्वभावच तसा.

समजा, आपण ४०० शेतं पाहून नोंदवली. प्रत्येक शेताची एक ओळ, आणि ओळीत १६ रकाने: महिन्यागणिक हिरवेपणा, वेगवेगळ्या किरणांचा परतावा वगैरे. ही सगळी वही एकाच निर्णयवृक्षाला दिली तर तो पाठांतर करतो. तुरीचं एखादं शेत चुकून सोयाबीन म्हणून नोंदलं गेलं असेल, तर तेवढ्या शेतासाठी तो वेगळी फांदी काढतो. मग त्या शेतासारखं दिसणारं नवं तुरीचं शेत आलं, की तेही सोयाबीन ठरतं.

रानातलं प्रत्येक झाड मात्र या ओळींच्या ४०० चिठ्ठ्या उचलतं, आणि उचललेली चिठ्ठी परत टाकतं. काही ओळी दोनदा-तीनदा येतात, साधारण १४७ येतच नाहीत. म्हणजे ती चुकीची नोंद शंभरातल्या सदतीस झाडांनी पाहिलेलीच नसते.

पण एवढ्यानं भागत नाही. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, तूर मात्र नोव्हेंबरातही हिरवी उभी असते. त्यामुळे ओळी कितीही बदलल्या तरी प्रत्येक झाड पहिला फाटा नोव्हेंबरच्या हिरवेपणावरच काढणार आणि सगळी झाडं एकाच ठिकाणी फसणार. कारंजा धरणाच्या पाण्यावरचा ऊसही तेव्हा हिरवाच असतो! झाडांच्या चुका एकमेकींशी जितक्या जुळतात, तितकी डळमळ हजार झाडांची मतं घेऊनही उरतेच. १९९५ साली टिन काम हो यांनी झाडांना थोडेच रकाने देऊन पाहिले. २००१ साली लिओ ब्रायमन यांनी चिठ्ठ्यांच्या जोडीला प्रत्येक फाट्यावर नव्यानं रकाने निवडायला लावले. १६ पैकी ४ दिले, तर चारातल्या तीन झाडांना पहिल्या फाट्यावर नोव्हेंबर दिसतच नाही. मग कुणी जुलैची उगवण धरतं, कुणी ऑगस्टचा लाल किरण. एकेक झाड थोडं कच्चं राहतं, पण त्यांच्या चुका वेगवेगळ्या दिशांना जातात आणि मतमोजणीत बऱ्याच विरतात. रकाने फारच कमी दिले, तर मात्र कामाचं काही हाती लागत नाही आणि मतंही पोकळ होतात.

न उचललेल्या ओळींवर प्रत्येक झाडाची परीक्षा आपोआप होते, हा या रानाचा मला सर्वांत आवडणारा गुण. तिथेच ते फसवूही शकतं. एकाच शेताचे दहा ठिपके दहा ओळी म्हणून भरले असतील, तर झाकलेल्या ठिपक्याचे भाऊबंद झाडानं आधीच पाहिलेले असतात आणि गुण फुगतात. संपूर्ण गावं बाजूला ठेवून तपासलं, की खरा आकडा कळतो. पाऊस महिनाभर लांबलेल्या वर्षी तोही खाली येतो, कारण सगळ्या झाडांनी तेच जुनं वर्ष पाहिलेलं असतं.