नव्व्याण्णव टक्के

हिवाळ्यात सकाळची कॅज्युअल्टी असली की 'बाथरूममध्ये चक्कर आली' ही तक्रार मी जास्त लक्ष देऊन ऐकतो. त्या दिवशी तिशीतल्या एका बाईंना घरच्यांनी उचलून आणलं. शुद्धीवर होत्या, पण डोकं फुटेल असं दुखत होतं, उलटी झाली होती, बोलणं तुटक होतं. सिस्टरने बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. "सर, सॅच्युरेशन नव्व्याण्णव आहे."

मी त्यांच्या नवऱ्याला विचारलं, "गॅस गिझर आहे का? आणि कुठे बसवलाय?"

"बाथरूममध्येच. खिडकी थंडीमुळे बंद होती."

गिझरमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला, म्हणून लगेच हाय-फ्लो ऑक्सिजनचा मास्क लावला आणि रक्त को-ऑक्सिमेट्रीला पाठवलं. कार्बोक्सिहिमोग्लोबिन 28 टक्के आलं. म्हणजे ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन जेमतेम 70 टक्के होतं आणि बोटावरचं यंत्र 99 सांगत होतं.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोनच प्रकाश पाठवतं आणि त्यांच्या शोषणावरून हिशेब करतं. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जवळजवळ ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनइतकाच कमी शोषतं, म्हणून यंत्र त्यालाही ऑक्सिजनवालंच मोजतं. साध्या एबीजीवरही विसंबता येत नाही. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन नॉर्मल असतो आणि बरीच यंत्रं त्यावरून सॅच्युरेशन गणिताने काढतात. अनेक तरंगलांबी वापरणारं को-ऑक्सिमीटरच दोन्ही वेगळं ओळखतं.

नवऱ्याने विचारलं, "तीस टक्केच गेलं ना? माझ्या आईचं हिमोग्लोबिन नऊ आहे, ती तर घरातलं सगळं करते." प्रश्न अगदी योग्य होता. ॲनिमियात हिमोग्लोबिन कमी असतं, पण जे असतं ते पेशींजवळ पोचलं की ऑक्सिजन सोडतं. हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाच्या चार जागा असतात. ऑक्सिजन तिथे फुप्फुसात बसतो आणि पेशींजवळ उठतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागांवर ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बसतो. आणि एक-दोन जागा त्याने बळकावल्या की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही रेणू सहज सोडत नाही. म्हणून तितकंच हिमोग्लोबिन निकामी झालं तरी ॲनिमियापेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा रुग्ण कितीतरी जास्त आजारी दिसतो. मेंदू आणि हृदय आधी तडफडतात. म्हणून बाईंचा ईसीजीही काढला.

साध्या हवेत कार्बोक्सिहिमोग्लोबिनचं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. जास्त ऑक्सिजनच्या रेट्याने कार्बन मोनॉक्साइड जागा सोडतो. बाईंची डोकेदुखी दुपारपर्यंत ओसरली. तरीही त्यांना घरी सोडताना मी बजावलं की पुढच्या काही आठवड्यांत विसराळूपणा किंवा वागण्यात बदल दिसला तर परत या, कारण मेंदूवरचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आणि आंघोळीनंतर कुणाला चक्कर आली, डोकं दुखलं, तर आधी त्याला उघड्यावर आणा, आणि दवाखान्यात बोटावरचा आकडा कितीही चांगला दिसला तरी गिझरचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.